मेट्रोतून उतरून हॉस्पिटलपर्यंत: पहिल्यांदाच पायी जाणाऱ्यांसाठी

"मेट्रोतून बाहेर पडलात की समोरच हॉस्पिटल आहे," असं सांगणारा खोटं बोलत नसतो. फक्त तो रोज तिथून जात असतो. त्याला कुठल्या जिन्याने वर यायचं, कुठे रस्ता ओलांडायचा आणि कुठल्या फाटकातून आत शिरायचं हे पाठ असतं. नव्या माणसाला ते समोरचं हॉस्पिटल सहा लेनच्या रस्त्यापलीकडे दिसतं. मध्ये रेलिंग लावलेला दुभाजक असतो आणि झेब्रा क्रॉसिंग नजरेच्या टप्प्यात नसतं. सोबत आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर तीनशे मीटरच्या अंतराला अर्धा तास सहज लागतो.

हा लेख अशाच जोडीसाठी आहे: एकजण सावकाश चालणारा, दुसरा त्याला घेऊन जाणारा, आणि ठिकाण दोघांनाही नवं. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर हा प्रवास पायी करायचा नाही. रुग्णवाहिका किंवा गाडी थेट दारापर्यंत न्यायची. स्टेशनात असतानाच त्रास सुरू झाला तर तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगायचं आणि रस्त्यावर यायचंच नाही. खाली लिहिलेलं सगळं आधी वेळ घेऊन तपासणीला जाणाऱ्यांसाठी किंवा भेटीला जाणाऱ्यांसाठी आहे.

आखणी शेवटाकडून करा

बहुतेक जण घरापासून स्टेशन, स्टेशनपासून रस्ता, रस्त्यापासून हॉस्पिटल असा विचार करतात. तो उलटा करा. आधी आपल्याला हॉस्पिटलच्या नेमक्या कोणत्या दारातून आत जायचं आहे ते शोधा. मग त्या दाराच्या जवळचं सिग्नल असलेलं क्रॉसिंग कुठलं ते बघा. त्यानंतर त्या क्रॉसिंगच्या जवळचा मेट्रोचा एक्झिट शोधा.

याचं कारण असं की मोठ्या हॉस्पिटलला एकच दार नसतं. रुग्णवाहिका येतात ते इमर्जन्सीचं दार वेगळं, ओपीडीचं वेगळं, भेटायला येणाऱ्यांचं वेगळं, आणि कर्मचाऱ्यांचं किंवा सामानाचं आणखी वेगळं. ही दारं कधी दोन वेगळ्या रस्त्यांवर उघडतात. फोनवरच्या नकाशात हॉस्पिटलची खूण बऱ्याचदा इमारतीच्या मधोमध टोचलेली असते. नकाशा त्या खुणेच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यापर्यंत नेतो आणि तिथे नुसती कुंपणाची भिंत असू शकते. म्हणून हॉस्पिटलचं नाव टाकून थांबू नका. नकाशा मोठा करून फाटकं वेगळी दाखवली आहेत का ते बघा आणि रस्त्यावरून काढलेले फोटो उपलब्ध असतील तर फाटकावरची पाटी वाचून घ्या. वाट शोधताना 'पायी' हा पर्याय निवडला आहे ना, तेही तपासा. गाडीची वाट निवडलेली राहिली तर एकेरी रस्त्यांचे वळसे तुमच्याही नशिबी येतात.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे हॉस्पिटलच्या चौकशी क्रमांकावर आदल्या दिवशी फोन करणं. फक्त "मेट्रोने कसं यायचं?" असं विचारू नका, त्याला उत्तर "समोरच आहे" हेच मिळतं. तीन नेमके प्रश्न विचारा. अमुक विभागात जायचं आहे, तर कुठल्या फाटकाने यायचं? ते फाटक मेट्रो स्टेशनच्याच बाजूला आहे की रस्त्यापलीकडे? फाटकावर व्हीलचेअर मिळते का, आणि ती कोणाकडे मागायची? ही उत्तरं कागदावर लिहा आणि तो कागद सोबतच्या माणसाकडेही द्या. फोनची बॅटरी संपू शकते, शिवाय गर्दीत दोघांची चुकामूकही होऊ शकते.

रस्ता शक्य तेवढा जमिनीखालीच ओलांडा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आहे आणि नेमका तोच लोक घाईत उरकतात. भुयारी स्टेशनचे एक्झिट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, अनेकदा चौकाच्या चारही कोपऱ्यांवर निघतात. म्हणजे स्टेशनचा खालचा हॉल हाच एक भुयारी मार्ग असतो. योग्य क्रमांकाच्या एक्झिटने वर आलात, तर तो सहा लेनचा रस्ता तुम्ही न बघताच ओलांडलेला असतो. चुकीच्या एक्झिटने वर आलात, तर तोच रस्ता गाड्यांमधून ओलांडावा लागतो. उन्नत मार्गावरच्या, म्हणजे खांबांवरच्या स्टेशनातही हेच तत्त्व लागू होतं, फक्त भुयाराऐवजी पूल असतो. तिथेही जिने दोन्ही फुटपाथांवर उतरतात.

म्हणून गाडीतून उतरल्यावर गर्दीच्या लोंढ्याबरोबर वर जाऊ नका. फलाटावर किंवा तिकीट गेटांजवळ स्टेशन परिसराचा नकाशा लावलेला असतो. त्यावर एक्झिटचे क्रमांक किंवा अक्षरं आणि जवळच्या मोठ्या इमारती दाखवलेल्या असतात. हॉस्पिटल त्यात बहुधा असतंच. हा नकाशा वाचताना एक काळजी घ्या. भिंतीवरच्या अशा नकाशात वरची बाजू उत्तर असेलच असं नाही. कित्येक ठिकाणी नकाशा बघणाऱ्याच्या तोंडासमोर जे आहे तेच वर काढलेलं असतं. आधी 'तुम्ही इथे आहात' ही खूण शोधा, मग उत्तर दाखवणारा बाण बघा आणि नंतरच डावं-उजवं ठरवा.

तिकीट गेट ओलांडण्याआधी ही निवड पक्की झालेली हवी. काही स्टेशनांत फलाटाच्या दोन टोकांना दोन वेगळे हॉल असतात आणि गेटांच्या बाहेर ते एकमेकांना जोडलेले नसतात. एका टोकाने बाहेर पडलात, की दुसऱ्या टोकाला जायला पुन्हा तिकीट लागतं किंवा वर येऊन रस्ता ओलांडावा लागतो.

लिफ्टचा विचार वेगळा करा. प्रत्येक एक्झिटला लिफ्ट नसते. बऱ्याच स्टेशनांत रस्त्यापर्यंत नेणाऱ्या लिफ्ट एक-दोनच असतात आणि हॉस्पिटलच्या बाजूचा एक्झिट त्यांतला असेलच असं नाही. अशा वेळी प्रश्न पडतो: लिफ्टने वर येऊन रस्ता ओलांडायचा, की जिना चढून योग्य बाजूला निघायचं? गुडघे दुखणाऱ्याला जिना जड जातो, पण सरकता जिना असेल आणि त्यावर उभं राहता येत असेल तर योग्य बाजू निवडणं चांगलं. व्हीलचेअर असेल तर लिफ्ट हाच मार्ग, आणि मग पुढचं क्रॉसिंग आधीच बघून ठेवायचं. लिफ्ट बंद असू शकते, म्हणून गेटाजवळच्या कर्मचाऱ्याला आधी विचारा. खाली विचारायला मिनिटभर लागतं. वर येऊन बंद लिफ्टसमोर उभं राहण्यापेक्षा ते बरं.

वर आल्यावर दोन मिनिटं थांबा

जिना मध्ये वळतो, कधी दोनदा वळतो, आणि वर आल्यावर आपण कुठे तोंड करून उभे आहोत हे कळेनासं होतं. हे सगळ्यांचंच होतं. अशा वेळी जिन्याच्या तोंडाशी उभं राहू नका, मागून येणारे धक्का देतात. बाजूला भिंतीशी व्हा आणि सोबतच्या माणसाला टेकायला जागा द्या.

फोनवरच्या निळ्या ठिपक्यावर या क्षणी विश्वास ठेवू नका. जमिनीखाली उपग्रहांचे संदेश पोचत नाहीत, त्यामुळे वर आल्यावर फोनला आपली जागा नव्याने शोधावी लागते. आजूबाजूला उंच इमारती असतील तर ते संदेश भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर दिसतो. ठिपक्यातून निघणारा दिशादर्शक झोतही स्टेशनच्या लोखंडाजवळ चुकीचा वळलेला असू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: नकाशातला एक्झिटचा क्रमांक आणि डोक्यावरच्या पाटीवरचा क्रमांक जुळतो का ते बघा. नकाशात ठिपका दुसऱ्याच क्रमांकाशी असेल, तर पाटी खरी आणि ठिपका चुकलेला. मग फुटपाथवरून वीस-तीस पावलं चाला, ठिपका कुठे सरकतो ते बघा आणि मगच दिशा ठरवा.

याच दोन मिनिटांत गाड्या कुठल्या बाजूने धावतात तेही नीट बघून घ्या. वाहनं डावीकडून चालवतात त्या देशांत रस्त्यात पाऊल टाकताना पहिली गाडी उजवीकडून येते. उजवीकडून चालवतात तिथे ती डावीकडून येते. दुसऱ्या देशात गेलेल्या माणसाची मान सवयीने चुकीच्या बाजूला वळते, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. एकेरी रस्त्यावर बससाठी उलट्या दिशेची लेन असू शकते, सायकली आणि दुचाकी तर कुठूनही येतात. म्हणून सवय काहीही असो, दोन्हीकडे बघायचं आणि मध्यावर पोचल्यावर पुन्हा एकदा बघायचं.

सिग्नलचा हिशेब: एक उदाहरण

समजा एक आजी आणि त्यांचा नातू हॉस्पिटलला निघाले आहेत. योग्य बाजूच्या एक्झिटची लिफ्ट बंद होती म्हणून ते पलीकडे निघाले. आता त्यांना सहा लेनचा रस्ता ओलांडायचा आहे. एक लेन साधारण 3 ते 3.5 मीटर रुंद असते. 3.5 धरली तर तीन लेन म्हणजे 10.5 मीटर. मध्ये 2 मीटरचा दुभाजक, मग पुन्हा 10.5 मीटर. एकूण 23 मीटर.

पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1 ते 1.2 मीटर चालतो असं सहसा धरलेलं असतं. 1.2 धरलं तर 23 मीटरला 19 सेकंद लागतात. समजा या सिग्नलला स्थिर हिरवा माणूस 8 सेकंद दिसतो आणि नंतर 19 सेकंद तो लुकलुकतो. म्हणजे एकूण 27 सेकंद.

आजींचा वेग नातवाने घरीच मोजला होता. खोलीत 8 मीटरचं अंतर आखून त्यांना नेहमीसारखं चालायला सांगितलं, तर 10 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला 0.8 मीटर. या वेगाने 23 मीटरला जवळजवळ 29 सेकंद लागतात. हिरवा दिवा लागल्यावर काठी सावरून पाऊल टाकेपर्यंत दोन सेकंद गेले, तर उरलेल्या 25 सेकंदांत त्या 20 मीटर जातील. लाल दिवा लागेल तेव्हा त्या शेवटच्या लेनमध्ये असतील, आणि गाड्या निघण्याच्या तयारीत असतील.

हे गणित केल्यावर नातवाने घाई करायची नाही, दोन टप्पे करायचे. पहिल्या हिरव्यात दुभाजकाच्या कडेपर्यंत 10.5 मीटर, म्हणजे 13 सेकंद. तिथे उभं राहायचं आणि पुढच्या हिरव्यात उरलेलं अर्ध. यासाठी दुभाजकात उभं राहायला नीट जागा हवी: रस्त्याच्या पातळीला कापलेली, दोन्ही बाजूंना कठडा किंवा खांब असलेली आणि व्हीलचेअर मावेल एवढी खोल. नुसती रंगवलेली पट्टी असेल किंवा पाऊलभर रुंदीचा कट्टा असेल, तर तिथे थांबणं धोक्याचं. अशा वेळी दुसरं क्रॉसिंग शोधायचं, नाहीतर मागे फिरून स्टेशनच्या हॉलमधून पलीकडे जायचं. काही ठिकाणी दुभाजकावर पादचाऱ्यांसाठी वेगळं बटण असतं. ते दाबल्याशिवाय दुसऱ्या अर्ध्याचा हिरवा लागतच नाही, म्हणून मध्ये थांबल्यावर खांबाकडे एकदा बघून घ्या.

या हिशेबातून आणखी दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, लुकलुकणाऱ्या हिरव्यात कधीच सुरुवात करायची नाही. तो रस्त्यात आधीच असलेल्यांना पलीकडे पोचण्यासाठी असतो. काही देशांत त्याऐवजी लुकलुकणारा हात दिसतो, अर्थ तोच. दुसरी, तुम्ही आलात तेव्हा हिरवा चालूच असेल तर तो जाऊ द्या. तो किती सेकंदांपूर्वी लागला हे तुम्हाला माहीत नसतं. एक फेरी काठावर उभं राहून बघितलीत तर हिरवा किती वेळ टिकतो हेही मोजून होतं.

हिरवा असूनही गाडी येते ती कुठून

पादचाऱ्यांचा हिरवा लागला म्हणजे सगळ्या गाड्या थांबल्या असं नाही. अनेक चौकांत शेजारच्या रस्त्यावरून वळणाऱ्या गाड्यांनाही त्याच वेळी हिरवा असतो. नियमाने त्यांनी थांबायचं असतं, पण वळणाऱ्या चालकाची नजर समोरून येणाऱ्या गाड्यांवर असते, तुमच्यावर नसते. म्हणून पाऊल टाकण्याआधी मागच्या खांद्यावरून एकदा बघा, कारण वळणारी गाडी पाठीमागूनही येते. सोबतच्या माणसाच्या ज्या बाजूने गाडी येणार, त्या बाजूला तुम्ही चाला.

चौकाच्या कोपऱ्यावर वळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी मोकळी लेन असेल, तर तिथे सिग्नल बहुधा नसतो. ती लेन ओलांडून त्रिकोणी बेटावर गेल्यावर खरं क्रॉसिंग सुरू होतं. लोक मुख्य सिग्नलकडे बघत बघत ही पहिली लेन पार करतात आणि धोका नेमका तिथेच असतो.

सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर आणखी एक सापळा असतो. जवळच्या लेनमधली बस तुमच्यासाठी थांबते, चालक हाताने 'जा' म्हणतो आणि तुम्ही निघता. पण बसच्या आडून पुढच्या लेनमधली गाडी वेगातच येत असते. तिच्या चालकाला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला ती दिसत नाही. थांबलेल्या गाडीच्या पुढच्या कडेशी आलात की थबका, मान पुढे काढून पुढची लेन बघा आणि मगच पाऊल टाका. प्रत्येक लेनसाठी हे पुन्हा करायचं.

हॉस्पिटलजवळ यात रुग्णवाहिकेची भर पडते. ती लाल सिग्नल तोडून येऊ शकते, कोंडी असेल तर उलट्या बाजूनेही येते. भोंगा ऐकू आला की तुमचा हिरवा असला तरी काठावरच थांबा, कारण आवाज इमारतींवर आपटतो आणि गाडी कुठून येते हे कानाला नीट कळत नाही. रस्त्याच्या मध्यात असाल तर जवळ असेल ते बेट किंवा काठ गाठा. मागे पळू नका आणि सोबतच्या माणसाला ओढू नका. ओढलं की तोल जातो.

पायाखाली उंचवटे असलेल्या फरशा दिसल्या तर त्यांचाही उपयोग होतो. लांब पट्ट्यांचा अर्थ वाट इकडे आहे, गोल ठिपक्यांचा अर्थ थांबा, पुढे कड किंवा रस्ता आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 साली दृष्टिहीनांसाठी ही फरशी तयार केली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरातल्या एका क्रॉसिंगवर ती पहिल्यांदा बसवली गेली. डोळ्यांत औषध घालून तपासणी करायची असेल तर बाहुल्या मोठ्या होतात आणि परतताना काही तास धूसर दिसतं. तेव्हा या फरशा आणि सोबत्याचा हात दोन्ही लागतात.

फाटकापाशी

फाटक दिसलं की सरळ आत शिरू नका, पाटी वाचा. उतार असलेला रुंद रस्ता आणि छपराखाली थांबलेल्या रुग्णवाहिका दिसल्या तर ते इमर्जन्सीचं दार आहे. तिथे पायी येणाऱ्याने मध्ये येऊ नये, कारण गाड्या मागे घेताना चालकाला मागचं कमी दिसतं. बाजूला पादचाऱ्यांचं छोटं दार किंवा कठड्याने वेगळी केलेली वाट असते, तिने जा.

सुरक्षारक्षकाला डॉक्टरांचं नाव सांगून फारसा उपयोग होत नाही. विभागाचं नाव आणि कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर ते विचारा. मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातलं चालणं बाहेरच्या रस्त्याइतकंच लांब असू शकतं. व्हीलचेअर लागणार असेल तर ती फाटकावरच मागा. आत अर्ध्या वाटेत दमल्यावर ती मिळवायला सोबत्याला रुग्णाला एकटं सोडून परत यावं लागतं.

वेळेचा अंदाज असा काढा: रुग्णाच्या वेगाने बाहेरचं अंतर, प्रत्येक सिग्नलला एक पूर्ण फेरी, दुभाजकावर थांबणार असाल तर आणखी एक, लिफ्टची वाट आणि आवारातलं चालणं. वरच्या आजींसाठी बाहेरचे 300 मीटर म्हणजे सव्वासहा मिनिटं. सिग्नलच्या दोन फेऱ्यांना चार-पाच मिनिटं, स्टेशनच्या आत दहा, आवारात दहा. गाडीतून उतरल्यापासून अर्धा तास होतो, आणि बसायला लागलं तर त्याहून जास्त. अपॉइंटमेंट दहाची असेल तर गाडी सव्वानऊपर्यंत स्टेशनात पोचलेली हवी.

परतीची चौकशी आत शिरतानाच करून घ्या. काही फाटकं संध्याकाळी बंद होतात आणि स्टेशनचे काही एक्झिटही रात्री लवकर बंद केले जातात. फाटक किती वाजेपर्यंत उघडं असतं ते रक्षकाला विचारा, आणि ज्या एक्झिटने वर आलात त्याच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. त्या पाटीवर वेळ लिहिलेली असेल तर तीही फोटोत येऊ द्या.